दोस्त वाढदिवस विसरला: त्याला हलकासा मेसेज कसा लिहावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथले प्रश्न एका ठरावीक प्रसंगाचे आहेत. जवळचा दोस्त किंवा मैत्रीण आपला वाढदिवस विसरली. दिवस निघून गेला आणि मनात काहीतरी सलत राहिलं. भांडायचं नाही, पण गप्पही राहवत नाही. अशा वेळी दोन-चार ओळींत काय लिहायचं, ते इथे सांगितलं आहे. मेसेजचे नमुने गावाकडे बोलतात तशा वऱ्हाडीत दिले आहेत, कारण दोस्ताशी आपण तसंच बोलतो.

मेसेज करावाच का? एवढ्याशा गोष्टीसाठी?

वाढदिवसाच्या रात्री हे ठरवू नका. रात्री वाईट वाटतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याची आठवण आली आणि पुन्हा टोचलं, तर मेसेज करा. सकाळी काही वाटलंच नाही, तर विषय तिथेच संपला. पुढच्या भेटीत हसत हसत बोलून टाका.

टोचत असूनही गप्प राहिलं, तर ते दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. त्याचा फोन आला की आपण ‘हं, बोल’ एवढंच म्हणतो, त्यानं चौकात बोलावलं की काम असल्याचं सांगतो. त्याला कारण कळत नाही आणि आपण सांगत नाही. पुढे महिन्याभरानं भलत्याच गोष्टीवरून वाजतं. तिथवर जाऊ द्यायचं नसेल, तर दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या.

रुसवा आणि गाऱ्हाणं यात फरक कसा ओळखायचा?

या पानावरचं बाकी सगळं या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रुसणारा माणूस मनधरणीची वाट पाहतो. तो म्हणतो, ‘मले वाईट वाटलं’, आणि समोरच्याला जवळ यायला जागा ठेवतो. गाऱ्हाणं सांगणारा निकाल मागतो. तो म्हणतो, ‘तू चुकला’, आणि पुरावे मांडत जातो. रुसव्यात बोलणं आपल्याबद्दल असतं, गाऱ्हाण्यात समोरच्याबद्दल. म्हणून मेसेज लिहून झाला की त्यातली क्रियापदं पाहा. ‘वाट पाह्यली’, ‘आठवण आली’, ‘सुनं सुनं वाटलं’ ही आपली क्रियापदं आहेत, ती राहू द्या. ‘विसरला’, ‘बदलला’, ‘टाळलं’ ही त्याची आहेत. असं एखादं क्रियापद सापडलं तर ते वाक्य फिरवून आपल्याकडे आणा. ‘तू फोन केला नाही’ आणि ‘मी फोनची वाट पाह्यली’ या दोन्ही वाक्यांत घटना एकच आहे. पण पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून सबब येते आणि दुसऱ्याला उत्तर म्हणून माणूस येतो.

काही शब्द मेसेज हमखास गाऱ्हाण्याकडे ओढतात. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘दरवर्षी मीच’, ‘बाकीच्यांचा बरा लक्षात राहते’ आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘असो’. मराठीत ‘असो’ लिहिणं म्हणजे दार लावून आतून कडी घालणं. त्यानंतर समोरच्यानं काय बोलावं?

मेसेज किती लांब असावा आणि त्यात काय काय असावं?

तीन किंवा चार वाक्यं, साधारण तीस ते चाळीस शब्द. मोबाईल न सरकवता एका नजरेत वाचून झाला पाहिजे. यापेक्षा लांब झाला की तो पत्र होतो, आणि पत्र आलं की माणूस घाबरून उघडतो.

आत चार गोष्टी येतात, त्याच क्रमानं. आधी तारखेची साधी आठवण, तीही आरोप न करता. मग तुम्हा दोघांनाच माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीवरून हलकीशी चेष्टा. मग दुखल्याचं एकच खरं वाक्य, न हसता. शेवटी त्याला सहज करता येईल असं छोटंसं काम.

यातलं तिसरं वाक्य लोक सर्वाधिक गाळतात, कारण ते लिहायला लाज वाटते. पण ते गाळलं तर उरते ती नुसती चेष्टा, आणि तिला उत्तरही चेष्टेतच मिळतं. चौथं वाक्य नसलं तर समोरचा ‘सॉरी’ म्हणतो आणि अडकतो. भरपाई कशी करायची ते त्याला कळत नाही. काम अगदी छोटं असावं: चहाला ये, एक फोन कर, बाजाराच्या दिवशी भेट. ‘आता पार्टी दे’ म्हणू नका. त्याचा हात तंगीत असेल, तर हलक्या मेसेजाचं ओझं होतं.

एखादा मेसेज पहिल्या खर्ड्यापासून शेवटपर्यंत करून दाखवता का?

समजा, मोर्शी तालुक्यातल्या एका गावचे दोन दोस्त आहेत. दहावीपर्यंत एका बाकावर बसले. आता एक अमरावतीला दुकानात कामाला आहे आणि दुसरा गावात शेती पाहतो. शहरातल्याचा वाढदिवस १२ ऑक्टोबरला असतो. त्या दिवशी गावातला दोस्त येतो आणि दोघं एसटी स्टँडसमोरच्या गाडीवर तर्री घालून आलूबोंडा खातात, असा रिवाज पडून गेला आहे. यंदा तो आला नाही, फोनही नाही.

रात्री पावणेबाराला हा खर्डा तयार झाला:

> वा भाऊ, मोठे माणसं झाले तुम्ही. आमचा वाढदिवस कशाले लक्षात राहीन. दरवर्षी मीच तुले सर्वात पहिले फोन करतो. यावर्षी समजलं कोण किती आपलं आहे ते. असो. काळजी घेजो.

यात दुखणं खरं आहे, पण एकही वाक्य ते सरळ सांगत नाही. पहिल्याच ओळीत ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला. ज्याला जन्मभर ‘काऊन बे’ म्हटलं त्याला अचानक ‘तुम्ही’ म्हणणं ही आपल्याकडे मोठी शिक्षा आहे, समोरच्याला ती लगेच लागते. ‘दरवर्षी मीच’ हा हिशेब झाला. ‘कोण किती आपलं’ हा निकाल झाला, आणि ‘असो’नं कडी लागली. यावर तो दोस्तही चिडेल, आणि चिडला तर त्याचंही चुकणार नाही.

हा खर्डा पाठवला नाही, हे बरं झालं. सकाळी दुसरा लिहिला:

> हाहा भाऊ, काल माहा बड्डे होता 😂😂 विसरला ना! काही नाही बे, चालते 😂

हा उलट्या बाजूला गेला. यात दुखल्याची खूण कुठेच नाही. दोस्त वाचेल, ‘अरे हो ना, हॅपी बड्डे भाऊ’ लिहील, केकचं एक चित्र टाकेल आणि मळणीच्या हडंब्यावर परत जाईल. त्याच्या लेखी प्रकरण मिटलं. पाठवणाऱ्याचं मात्र आणखी दुखेल, कारण त्यानं स्वतःच ‘चालते’ लिहून दिलं आहे.

१३ तारखेला संध्याकाळी तिसरा खर्डा झाला, आणि तो पाठवण्याजोगा आहे:

> काऊन बे, काल बारा तारीख होती. स्टँडवर आलूबोंडा एकट्यानंच खाल्ला, तर्री शर्टावर सांडली तरी हसाले कोणी नव्हतं. खरं सांगतो, रात्री दहा वाजेपर्यंत तुह्या फोनची वाट पाह्यली. सोयाबीन घरात आलं की एक दिवस येजो, दोन बोंडे तुह्याकडे बाकी.

सदतीस शब्द. ‘वाढदिवस’ हा शब्दच नाही, आणि ‘विसरला’ही नाही. ‘बारा तारीख’ वाचताच त्याच्या लक्षात येईल. आपण सांगण्याआधी त्याला स्वतःला आठवू देणं महत्त्वाचं असतं, कारण मग ती चूक त्याच्या तोंडावर मारल्यासारखी होत नाही. शर्टावर सांडलेली तर्री दोघांच्या ओळखीची आहे, ती वाचून तो हसेल. लगेच पुढे ‘खरं सांगतो’ येतं आणि हसू थांबतं. ते तिथं थांबायलाच हवं. ‘रात्री दहा वाजेपर्यंत’ ही वेळ घातल्यामुळे वाट पाहणं खरं वाटतं. नुसतं ‘खूप वाट पाह्यली’ लिहिलं असतं तर ते कुणीही कुणालाही लिहितं.

शेवटच्या वाक्यातलं ‘सोयाबीन घरात आलं की’ फार कामाचं आहे. त्यातून दोस्ताला कळतं की तो कशात अडकला आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याची सबब आपणच आधी मांडून ठेवली, आता त्याला ती सांगत बसावं लागत नाही. आणि ‘येजो’ म्हटल्यामुळे आज-उद्याची घाई नाही, सवड मिळेल तेव्हा ये, असं त्याच्यापर्यंत पोचतं.

पाठवायची नेमकी वेळ कोणती?

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सर्वांत चांगली, तिसरा दिवसही चालतो. वाढदिवसाच्या दिवशीच रात्री पाठवला तर तो आठवण करून दिल्यासारखा होतो, आणि मग बारा वाजायच्या आत घाईघाईनं आलेल्या शुभेच्छेत काही राम राहत नाही. आठवडा उलटल्यावर पाठवला तर समोरच्याला वाटतं, हा इतके दिवस मनात धरून बसला होता. मग हलका सूर कितीही लावा, लागत नाही. आठवडा गेलाच असेल तर लिहू नका. भेटल्यावर तोंडानं सांगा.

गावाकडे घड्याळापेक्षा हंगाम पाहावा लागतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पेरणीची घाई असते. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालते, त्यात आभाळ भरून आलं की माणूस ताडपत्री घेऊन गंजीकडे पळतो. पुढे कापसाची वेचणी सुरू होते आणि मजूर मिळवण्यातच सकाळ जाते. चन्याच्या ओलिताला रात्रीची लाईन असेल तर दोस्त रात्रभर वावरात आणि दिवसा झोपलेला असतो. या दिवसांत ज्याचा वाढदिवस येतो, त्याचा तो विसरला जाणं फार सोपं आहे. शेतकरी दोस्ताला सकाळी मेसेज करू नका. दिवेलागणीनंतर, जेवणं झाल्यावर करा, म्हणजे तो निवांत वाचेल आणि उत्तरही देईल.

त्याला खरंच माझी तारीख माहीत आहे का, हे कसं कळणार?

हे आधी तपासाच. आपल्याकडे अनेकांच्या दोन तारखा असतात. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून टाकत, आणि तीच पुढे दाखल्यावर, आधारवर आणि फेसबुकवर चढली. घरी मात्र आई ‘तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा’ म्हणते आणि आपण तो दिवस खरा मानतो. अशा वेळी दोस्तानं १ जूनला शुभेच्छा दिल्या असतील, तर तो विसरलेलाच नाही.

मागच्या वर्षीच्या गप्पा उघडून पाहा. त्यानं त्या दिवशी शुभेच्छा दिल्या होत्या का? दिल्या असतील तर तारीख माहीत आहे, यंदा निसटली. एकदाही दिल्या नसतील तर बहुधा त्याला माहीतच नाही. मग रुसव्याचा मेसेज अन्यायाचा होईल. त्याऐवजी सरळ लिहा:

> तुले सांगाचं राहूनच गेलं, कागदावर काही असो, माहा खरा वाढदिवस परवा झाला. पुढल्या वर्षी तुह्या फोनची वाट पाहीन.

प्रत्यक्ष पाठवावा की ग्रुपवर टाकावा? स्टेटसवर चालेल का?

फक्त त्याला एकट्याला. शाळेच्या ग्रुपवर ‘काही लोकं विसरले वाटते’ असं टाकलं की तीस जणांसमोर एकाची मान खाली जाते. दुसरे लोक त्याची खेचतात, आणि संध्याकाळपर्यंत ती तुम्हा दोघांची गोष्ट राहत नाही.

स्टेटस तर त्याहून वाईट. ‘आपले कोण ते वेळ आल्यावर कळते’ असली ओळ चोवीस तास दिसत राहते. ज्याच्यासाठी टाकली तो कदाचित पाहतही नाही. मामा, काकू आणि दुकानाचा मालक मात्र पाहतात आणि फोन करून विचारतात, काय झालं. जे एकाला सांगायचं ते शंभरांना सांगितल्यावर रुसवा उरत नाही, गावभर गाऱ्हाणं होतं.

लिहून पाठवावं की व्हॉइस मेसेज करावा?

आवाज हलका ठेवता येत असेल तर व्हॉइस चांगला. आपल्या बोलण्यातला ‘काऊन बे’ कागदावर रागाचाही वाटू शकतो, आवाजात तो लाडाचा आहे हे लगेच कळतं. वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे जाऊ नका. बोलताना आवाज जड होत असेल तर ते रेकॉर्डिंग पाठवू नका, लिहाच. रडवेला आवाज ऐकून समोरचा घाबरतो आणि हलकेपणा तिथेच संपतो. तो चारचौघांत पानटपरीवर उभा राहून मोठ्यानं लावेल, हाही धोका आहे.

इमोजी किती आणि कुठे?

एक पुरे, तोही चेष्टेच्या वाक्यानंतर. ‘वाट पाह्यली’ या वाक्यानंतर हसणारं तोंड टाकलं तर ते वाक्य खोटं पडतं, आणि रडणारं तोंड टाकलं तर नाटकी होतं. त्या वाक्याच्या शेवटी फक्त पूर्णविराम असू द्या.

वऱ्हाडीत लिहावं की पुस्तकी मराठीत?

रोज ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत. ‘मला किंचित वाईट वाटले’ असं एखाद्या लंगोटीयारानं लिहिलं तर समोरचा दचकतो. त्याला वाटतं, मोठं काहीतरी बिनसलं आहे. आपल्यात भाषा पुस्तकी झाली म्हणजे अंतर पडलं, असंच धरलं जातं. ‘बे’, ‘लेका’, ‘गड्या’, ‘भाऊ’, जे रोजचं संबोधन असेल तेच वापरा. मोठ्या वयाच्या दोस्ताला ‘भाऊ, तुम्ही’ म्हणत असाल तर तिथे ‘तुम्ही’च बरोबर, ते तोडून अचानक ‘तू’वर येऊ नका:

> भाऊ, रविवारी माहा वाढदिवस झाला. तुमचा आशीर्वाद राहिला म्हणून दिवस अर्धाच वाटला. बाजाराच्या दिवशी घरावरून जाता तसे थांबजा, चहा ठेवतो.

यात चेष्टा नाही, कारण मोठ्या माणसाची चेष्टा शोभत नाही. ‘दिवस अर्धाच वाटला’ यातच रुसवा आला आणि आदरही राहिला.

मैत्रीण लग्न होऊन सासरी गेली आहे. तिचा मोबाईल घरातले सगळे पाहतात. मग कसं लिहू?

हा मेसेज तिची सासू किंवा नवरा आधी वाचेल असं धरूनच लिहा. ‘सासरी गेली आणि आम्हाला विसरली’ हे वाक्य आपल्याला साधं वाटतं, पण तिच्या घरात त्यावरून बोलणी बसू शकतात. तिच्या घराला दोष लागेल असा एकही शब्द नको. तिच्या तब्येतीची चौकशी मात्र असावी, कारण नव्या घरात, बाळंतपणात किंवा आजारपणात तारखा सहज निसटतात.

> काय गं, परवा चार तारीख गेली. तुहा फोन येईन म्हणून मोबाईल दिवसभर चुलीजवळच ठेवला होता, पीठाचा हात लागून सारा पांढरा झाला. तुही आठवण लय आली. तिकडे सारे बरे आहेत ना? राखीले माहेरी आली की आपल्याकडे चहाले येजो.

पिठानं पांढरा झालेला मोबाईल डोळ्यांसमोर आला की ती हसेल, आणि दिवसभर वाट पाहिली हेही तिला त्यातूनच कळेल. कुणीही वाचलं तरी हा दोन मैत्रिणींचा साधा मेसेज आहे.

त्यानं दुसऱ्याचा वाढदिवस लक्षात ठेवला आणि माझाच विसरला. हे लिहू का?

नको. हे सगळ्यात जास्त दुखतं हे खरं, पण लिहिलं की मेसेजमध्ये तिसरा माणूस येतो. मग बोलणं तुमच्याबद्दल न राहता त्या तिसऱ्याबद्दल होतं: ‘अरे त्याच्या घरी तर मी दुसऱ्या कामानं गेलो होतो.’ स्टेटसवर केक कापतानाचा फोटो दिसला असेल तर दुखणं आणखी ताजं असतं, म्हणून एक दिवस जास्त थांबा. तुलना मनात इतकी घट्ट असेल की लिहिताना ती येतेच, तर मेसेज सोडा आणि समोरासमोर बोला.

असे कोणते प्रसंग आहेत जेव्हा मेसेज करूच नये?

त्याच्या घरी सुतक असेल तर नाही, तेरवी होऊन गेली तरी आणखी काही दिवस नाही. घरातलं कुणी दवाखान्यात भरती असेल तर नाही. गारपीट किंवा अवकाळीनं त्याचं पीक गेलं असेल तर नाही. लेकीचं लग्न तोंडावर असेल तर तेही त्यातच धरा. अशा वेळी फोन आपण करावा, त्याची चौकशी करावी आणि वाढदिवसाचं नावही काढू नये. म्हणून लिहिण्याआधी गावातल्या एखाद्या सामाईक ओळखीच्या माणसाला सहज विचारून घ्या, ‘तो कसा आहे रे, दिसला नाही इतक्यात?’ एवढ्यानं बरंच कळतं.

निळी खूण दिसली, उत्तर नाही. आता?

दोन दिवस काही करू नका. ज्याला खरंच लाज वाटली तो लगेच लिहू शकत नाही, तो प्रत्यक्ष येण्याची तयारी करत असतो. खूण निळी झालीच नसेल, तर रिचार्ज संपला असेल किंवा वावरात रेंज नसेल, हेही लक्षात घ्या. काहींनी निळी खूण बंदच करून ठेवलेली असते. पण ‘वाचलं ना? मग?’ असा दुसरा मेसेज करू नका. पहिल्या मेसेजमध्ये जे कमावलं ते त्यानं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसऱ्याच कामाचा साधा फोन करा, कापसाचा भाव विचारा, बसची वेळ विचारा. बोलता बोलता तो विषय स्वतःच काढतो. नाही काढला तर आपणही नाही.

त्यानं लगेच ‘सॉरी यार, लय मोठी चूक झाली’ लिहिलं. काय उत्तर देऊ?

माफी आली की ती घ्या आणि विषय कामावर आणा. ‘चालते रे, काही नाही’ म्हणू नका, कारण काही तरी होतं म्हणूनच लिहिलं. ‘आता समजलं ना’ असंही म्हणू नका, तो विजय झाला. बरं उत्तर असं:

> तू लिहिलं, बरं वाटलं. आता रविवारचं सांग, येतो का?

तो लांबलचक सबब सांगत असेल तर सांगू द्या, खोडून काढू नका. तो आला की आधी त्याची सोयाबीन किती क्विंटल झाली ते विचारा आणि खायला बसा. वाढदिवसाचं त्यानं काढलं तर हसा, आपण होऊन काढू नका.

रागात भलतंच लिहून पाठवलं. आता सुधारता येईल का?

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. मेसेजवर बोट दाबून धरा, मेन्यूतून दुरुस्तीचा पर्याय निवडा आणि ‘असो’सारखा एखादा शब्द काढून टाका. दुरुस्त केल्याची बारीक खूण मेसेजखाली राहते, तिचं काही वाटून घेऊ नका. सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोयही आहे, पण मेसेज डिलीट केल्याची ओळ तिथे राहते आणि दोस्त रात्रभर विचार करत बसतो की काय होतं. सूचनेत त्यानं आधीच वाचलेलंही असू शकतं. डिलीट केलाच तर मागोमाग लगेच फोन करा:

> रागात लिहिलं होतं बे, म्हणून काढलं. वाट पाह्यली होती तुही, एवढंच सांगाचं होतं.

गंमत अशी की पुष्कळदा हेच वाक्य सगळ्यात खरं निघतं. पहिल्यापासून तेवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा विसरला तर?

तोच मेसेज पुन्हा पाठवू नका, दुसऱ्या वेळी तो टोमणा होतो. त्यापेक्षा दोन दिवस आधीच त्याला बोलावून ठेवा: ‘परवा बारा तारीख आहे, संध्याकाळी स्टँडवर भेटू, आलूबोंडा खाऊ.’ काही माणसांच्या डोक्यात तारखा राहतच नाहीत, त्यांना बैल घेतल्याचं सालही सांगता येत नाही. पण रात्री दोन वाजता मोटर जळाली म्हणून फोन केला तर तीच माणसं टॉर्च घेऊन वावरात हजर होतात. तुमचा दोस्त त्यातला असेल, तर तारीख सांगायचं काम दरवर्षी तुमच्याकडेच ठेवा.